वस्तूंवरच्या धोक्याच्या सूचना मराठीत आणि हिंदीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनेल, टॉयलेट क्लीनर, डासांचे लिक्विड, केसांचा कलप, मलम अशा वस्तू बनवणारे लघुउद्योजक, त्यांची लेबले छापणारे आणि ती भाषांतरित करणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आले असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' याला मराठीत आणि हिंदीत नेमकं काय लिहायचं?

मराठीत: लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.
हिंदीत: बच्चों की पहुँच से दूर रखें।

हिंदी वाक्य रूढ झालेले आहे आणि त्यात बदल करायची गरज नाही. मराठीत मात्र असे एकच ठरलेले वाक्य नाही. बाजारात 'मुलांपासून दूर ठेवा', 'मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवा', 'मुलांच्या पोहोचेपासून दूर ठेवा' अशी तीन-चार रूपे दिसतात. यांतले तिसरे हिंदी वाक्याची सरळ नक्कल आहे. मराठी घरात कुणी असे बोलत नाही. 'आवाक्याबाहेर' चुकीचे नाही, पण रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुतेक वेळा पैशांसाठी किंवा कुवतीसाठी येतो, 'फ्लॅटच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या' असा. वाचणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. 'हाताला लागणे' हे मात्र आई घरात जसे बोलते तसेच आहे: 'वरती ठेव, त्याच्या हाताला लागेल.'

जागा फारच कमी असेल तर 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका' हे थोडे आखूड रूप चालते. 'लहान' हा शब्द मात्र गाळू नका. नुसते 'मुले' म्हटले की मराठीत 'मुलगे' असाही अर्थ होतो, आणि वीस वर्षांच्या माणसालाही आपण 'मुलगा'च म्हणतो.

२. 'मुलांपासून दूर ठेवा' हे छोटं आणि सोपं आहे. त्यात काय बिघडतं?

'दूर' या शब्दाने अंतर कळते, हात पोचणे कळत नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेली बाटली बाहेरच्या खोलीत खेळणाऱ्या मुलापासून 'दूर'च असते. दीड-दोन वर्षांचे मूल तिथे चालत जाते. इंग्रजी सूचनेत सगळा भर 'रीच'वर आहे: मुलाचा हात जाणार नाही इतकी उंच किंवा बंद जागा. हिंदीत तो भर 'पहुँच' या शब्दाने सांभाळला जातो, म्हणून हिंदीतही 'बच्चों से दूर रखें' असे तोडून लिहू नये.

आंतरराष्ट्रीय रासायनिक लेबल पद्धतीत यासाठी दोन वेगळ्या सूचना आहेत. P102 म्हणजे मुलांच्या हाताला लागू न देणे आणि P405 म्हणजे कुलपात ठेवणे. तुमच्या पुरवठादाराच्या सुरक्षापत्रकात P405 असेल तर मराठीत 'कुलपात ठेवा' हे वेगळे आलेच पाहिजे. पहिल्या वाक्यात ते आपोआप येत नाही. या पद्धतीची अधिकृत वाक्ये संयुक्त राष्ट्रांच्या भाषांत आहेत, मराठीत किंवा हिंदीत नाहीत. म्हणून 'अधिकृत मराठी वाक्य द्या' अशी मागणी पूर्ण करता येत नाही. चांगले वाक्य आपल्यालाच करावे लागते.

३. लिपी एकच आहे, मग हिंदी मजकूर महाराष्ट्रात चालणार नाही का?

बऱ्याच जणांना कळेल, पण धोक्याच्या सूचनेत 'बऱ्याच जणांना' हे पुरेसे नाही. त्यातही लिपी एक असल्यानेच एक वेगळी अडचण येते: तोच शब्द दोन्ही भाषांत दिसतो आणि अर्थ मात्र वेगळा असतो. मराठीत 'धोका' म्हणजे संकट. हिंदीत 'धोखा' म्हणजे फसवणूक. हिंदी लेबलवर 'धोका' राहून गेला तर वाचणाऱ्याला तो 'धोखा'च वाटतो. उलट बाजूने, हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती. मराठीत सूचना पाळायची असते. घाईत मराठी आणि हिंदी मजकूर एकमेकांवरून उचलले जातात तेव्हा नेमके हेच शब्द निसटतात.

४. कायद्याने मराठी लागतेच का?

वस्तूनुसार उत्तर बदलते.

साध्या आवेष्टित वस्तूंसाठी, म्हणजे फिनेल, साबण, क्लीनर यांच्यावरच्या किंमत-वजनासारख्या घोषणांसाठी, वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे देवनागरी हिंदी किंवा इंग्रजी पुरते. त्यांच्या जोडीला आणखी कुठलीही भाषा वापरायला मोकळीक आहे. म्हणजे इथे मराठी ऐच्छिक आहे, आणि आम्ही ती टाकायलाच सांगतो, कारण बाटली बाथरूममध्ये हाताळणारी व्यक्ती इंग्रजी वाचणारी असेलच असे नाही.

कीटकनाशकांना प्रादेशिक भाषा लागते (प्रश्न ११). केसांच्या कलपालाही स्थानिक भाषा लागते (प्रश्न १२). आयुर्वेदिक औषधांत जी विषारी घटकांच्या अनुसूचीत येतात, त्यांच्यावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सावधगिरीची सूचना इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत असावी लागते. तिथे मराठी असली तरी हिंदी वगळता येत नाही.

५. 'चेतावणी', 'इशारा', 'सावधान', 'धोका': यांतला कुठला शब्द वर मोठ्या अक्षरात टाकायचा?

'चेतावणी' टाळा. हिंदीत 'चेतावनी' म्हणजे इशारा हे बरोबर आहे. मराठीत 'चेतावणे' म्हणजे चिथावणे, पेटवणे. 'त्याने पोरांना चेतावले' असे आपण म्हणतो. हिंदीच्या प्रभावाने तो शब्द हल्ली इशाऱ्याच्या अर्थाने दिसू लागला आहे, पण लेबलवर त्याची काही गरज नाही.

इंग्रजीतले चार शब्द चार पायऱ्या दाखवतात आणि त्या पायऱ्या मराठीतही वेगळ्या राहिल्या पाहिजेत. 'पॉयझन'ला मराठीत विष, हिंदीत ज़हर किंवा विष. 'डेंजर'ला धोका आणि खतरा. 'वॉर्निंग'ला इशारा आणि चेतावनी. 'कॉशन'ला दोन्हींत सावधान. सगळीकडे 'सावधान' लिहिण्याची सवय फार पसरली आहे. त्याने ॲसिडची बाटली आणि भांडी घासायचा साबण एकाच पातळीवर येतात. हिंदीत ज़हरच्या ज खाली नुक्ता द्या, मराठीत देऊ नका. आणि हिंदी वाक्य संपल्यावर दंड, मराठीला पूर्णविराम.

६. 'पिऊ नका' लिहायचं की 'पिऊ नये'?

'पिऊ नका.' 'नये'मध्ये सल्ल्याचा सूर येतो, 'नका' समोरच्याला थेट सांगते. हिंदीत 'न पिएँ' ठेवा. 'मत पियो' लेबलवर उद्धट वाटते.

त्याहून मोठा प्रश्न नकाराच्या जागेचा आहे आणि तो लेबल जुळवताना हमखास दुर्लक्षिला जातो. हिंदीत नकार क्रियापदाच्या आधी येतो: 'दूसरी बोतल में न डालें।' मराठीत तो सगळ्यात शेवटी येतो: 'दुसऱ्या बाटलीत ओतू नका.' आता अरुंद लेबलवर ओळ अशी मोडली तर पाहा:

दुसऱ्या बाटलीत ओतू
नका. थंड जागी ठेवा.

गोल बाटलीवर लेबलची कड मागे वळते, ओल्या हाताने खालची शाई पुसते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर राहते 'दुसऱ्या बाटलीत ओतू'. नकार ज्या एका शब्दात आहे तोच गेला. म्हणून 'ओतू' आणि 'नका' यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न ठेवता न तुटणारी जागा टाका. तिचा युनिकोड क्रमांक U+00A0 आहे. शक्य असेल तिथे प्रत्येक नकारार्थी सूचना स्वतंत्र ओळीवर घ्या. आणि जिथे होकारार्थी वाक्य तेवढेच नेमके होते तिथे तेच वापरा: 'दुसऱ्या बाटलीत ओतू नका' याऐवजी 'याच बाटलीत ठेवा'. हे वाक्य मोडले तरी उलटा अर्थ देत नाही.

७. 'डू नॉट इन्ड्यूस व्हॉमिटिंग'चं भाषांतर 'उलटी करू नका' बरोबर आहे ना?

नाही, आणि ही आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारी गंभीर चूक आहे. 'उलटी करू नका' हे ज्याच्या पोटात गेले त्याला सांगितल्यासारखे होते, की उलटी आली तरी दाबून धर. मूळ सूचना जवळच्या माणसाला आहे: घशात बोट घालून, मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. ॲसिड किंवा रॉकेलसारखी वस्तू वर येताना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते किंवा फुप्फुसात जाते, म्हणून ही सूचना असते.

मराठीत: उलटी करवू नका. हिंदीत: उल्टी न कराएँ। दोन्हीकडे फरक एका अक्षराचा आहे: 'करू'चे 'करवू', 'करें'चे 'कराएँ'. टाइप करणाऱ्याला 'करवू' ही चूक वाटून तो 'करू' करून टाकतो, म्हणून अंतिम प्रुफात हा शब्द मुद्दाम पाहा. शंका वाटत असेल तर 'घशात बोट घालून उलटी काढू नका' असे लिहा. लांब आहे, पण कुणी चुकीचे वाचणार नाही.

याच ओळीच्या सुरुवातीला 'इफ स्वॉलोड' असते. 'गिळल्यास' शब्दाला शब्द बरोबर आहे, पण 'पोटात गेल्यास' जास्त चांगले. घोट पिणे, चाटणे, बोटाला लागून तोंडात जाणे हे सगळे त्यात बसते.

८. एक पूर्ण लेबल दोन्ही भाषांत करून दाखवाल का?

घरगुती टॉयलेट क्लीनरचे घेऊ. यात सहसा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. बाटली ५०० मिलीलिटरची, मागच्या बाजूला दोन भाषांसाठी जागा.

मराठी:

धोका! यात ॲसिड आहे. त्वचा भाजते. डोळे जाऊ शकतात.
लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा.
याच बाटलीत ठेवा.
ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.
पोटात गेल्यास: पाण्याने चूळ भरायला लावा. उलटी करवू नका. ही बाटली घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा.
डोळ्यात गेल्यास: 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. मग डॉक्टरांना दाखवा.

हिंदी:

खतरा! इसमें तेज़ाब है। त्वचा जल जाती है। आँखों की रोशनी जा सकती है।
बच्चों की पहुँच से दूर, ताले में रखें।
इसी बोतल में रखें।
ब्लीच या ब्लीचिंग पाउडर में न मिलाएँ। ज़हरीली गैस बनती है।
पेट में चले जाने पर: पानी से कुल्ला कराएँ। उल्टी न कराएँ। यह बोतल साथ लेकर तुरंत अस्पताल जाएँ।
आँख में जाने पर: 15 मिनट तक बहते पानी से धोएँ। फिर डॉक्टर को दिखाएँ।

यातल्या काही निवडी मुद्दाम केलेल्या आहेत. मराठीत 'आम्ल' शाळेच्या पुस्तकात राहते, घरात 'ॲसिड' म्हणतात. हिंदीत 'अम्ल'पेक्षा 'तेज़ाब' लगेच कळते. 'तीव्र दाहक पदार्थ' असे लिहिलेले लेबल बरोबर असते, पण फरशी पुसणाऱ्या ताईंना त्यातून काही बोध होत नाही.

ब्लीचच्या ओळीत कारण जोडले आहे. इतर ओळींत कारण नसले तरी चालते, कारण ॲसिड पिऊ नये हे कुणालाही पटते. दोन क्लीनर एकत्र केले की जास्त स्वच्छ होते असे मात्र पुष्कळांना वाटते, आणि नुसत्या 'मिसळू नका'ने ते थांबत नाहीत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो.

'बाटली घेऊन जा' ही ओळ जागा वाचवण्यासाठी काढू नका. आत काय होते हे डॉक्टरांना बाटलीवरूनच कळते. फोन नंबर छापायचा असेल तर फक्त असा छापा जो चोवीस तास उचलला जातो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 आहे.

९. मजकूर बरोबर दिला होता, छापून आला तेव्हा अक्षरं बिघडली. कुठे चुकलं?

तीन ठिकाणी पाहा.

पहिले, 'ळ'. हिंदी टाइप करणाऱ्याच्या हातून 'ळ'चा 'ल' होतो. 'डोळे' चे 'डोले' झाले की मराठीत तो वेगळाच शब्द होतो, आणि 'गिळल्यास'चे 'गिलल्यास' झाले की शब्दच राहत नाही.

दुसरे, 'ऱ्य'. 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात', 'चेहऱ्यावर' यांत य च्या डावीकडे आडव्या फटकाऱ्यासारखा र हवा. साधा 'र्' आणि 'य' जोडला की य च्या डोक्यावर रफार बसतो आणि 'दुसर्या' होते. बरोबर रूपासाठी नुक्ता असलेला 'ऱ' वापरावा लागतो, त्याचा क्रमांक U+0931. 'ॲसिड'मधला 'ॲ' (U+0972) काही जुन्या हिंदी फाँटांत नसतो. मग त्या जागी रिकामी चौकट येते.

तिसरे, ऱ्हस्व इकार. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळवणी बंद असेल तर वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरे हलन्ताने सुटी पडतात. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेले असावे लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात तयार केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर सगळी अक्षरे इंग्रजी दिसू लागतात. असा मजकूर हाताने दुरुस्त करत बसू नका, युनिकोडमध्ये रूपांतर करून पुन्हा पहिल्यापासून वाचा.

छापखान्याला मजकूर देताना सोबत चित्र किंवा पीडीएफ द्या, म्हणजे 'असे दिसले पाहिजे' हे त्यांच्यासमोर राहते.

१०. अक्षर किती मोठं हवं? आकडे मराठी की इंग्रजी?

देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने तेवढ्याच पॉइंटात मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते. जिथे इंग्रजी ६ पॉइंटात कशीबशी वाचता येते तिथे देवनागरीला ८ द्या, आणि ओळींमधले अंतरही वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. जागा नसेल तर अक्षर बारीक करू नका, जाहिरातीचा मजकूर कमी करा. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरे देणार असाल तर जाड फाँट घ्या. बारीक फाँटातले अनुस्वार शाईत बुडतात.

मात्रा, वेळ, मिलीलिटर यांचे आकडे आम्ही दोन्ही भाषांत इंग्रजी वळणाचे ठेवतो, वरच्या नमुन्यात 15 आहे तसे. बारीक छपाईत देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि ज्याला देवनागरी आकड्यांची सवय राहिली नाही तो ४ ला 8 वाचतो. औषधाच्या किंवा कीटकनाशकाच्या मात्रेत ही चूक परवडत नाही. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदानेही सरकारी हिंदीसाठी आकड्यांचे आंतरराष्ट्रीय रूपच सांगितले आहे.

११. डासांच्या लिक्विडला आणि शेतीच्या औषधाला हेच नियम लागतात का?

नाही. दोन्ही कीटकनाशके आहेत आणि त्यांना कीटकनाशके कायदा, १९६८ व कीटकनाशके नियम, १९७१ लागतात. लेबल आणि आतले माहितीपत्रक नोंदणी समितीने मंजूर केलेले असते, ते हिंदी, इंग्रजी आणि विक्रीच्या भागातल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावे लागते. मंजूर मजकूर आपल्या मनाने सुधारता येत नाही. त्यामुळे प्रश्न १ मधले वाक्य कितीही आवडले तरी ते मंजुरीसाठी पाठवायच्या मसुद्यातच घालावे लागेल. मंजुरीनंतर बदल नको.

या लेबलवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी. वरच्या त्रिकोणात लाल आणि पिवळ्यासाठी 'पॉयझन', निळ्यासाठी 'डेंजर', हिरव्यासाठी 'कॉशन'.

हिरव्या त्रिकोणाबाबत भाषांतरात खास काळजी घ्या. खाण्याच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याची आपल्याला सवय आहे, त्यामुळे हिरवा रंग अनेकांना 'निर्धोक' वाटतो. त्यात मराठी मजकुरात 'सुरक्षित' हा शब्द कुठेही आला तर तो समज पक्का होतो. नियमांतही कीटकनाशकाच्या लेबलवर 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' असे दावे करायला बंदी आहे, 'सूचनेप्रमाणे वापरल्यास' अशी पुस्ती जोडली तरीही. 'घरासाठी सुरक्षित' किंवा 'बाळासाठी सुरक्षित' असे काही मूळ इंग्रजी जाहिरातीत असेल तर भाषांतर थांबवून आधी कंपनीला विचारा.

१२. केसांच्या कलपाची सूचना एवढी लांब का असते? ती थोडक्यात लिहिली तर?

थोडक्यात लिहिता येत नाही. पॅरा-फिनिलीनडायअमिनसारखे रंग असलेल्या कलपावर ठरलेली सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेबलांवर द्यावी लागते. तिचा आशय असा: यातल्या घटकांनी काही जणांच्या त्वचेची आग होऊ शकते, म्हणून आधी चाचणी करावी, आणि भुवया किंवा पापण्यांचे केस रंगवण्यासाठी वापरू नये, दृष्टी जाऊ शकते.

इथे दोन शब्द अडतात. मराठीत 'पापणी' म्हणजे डोळ्यावरची कातडीही आणि तिच्या कडेचे केसही. म्हणून 'पापण्यांचे केस' असे पूर्ण लिहा. हिंदीत 'पलक'ची तीच अडचण आहे, तिथे 'बरौनी' हा नेमका शब्द आहे, पण तो सगळ्यांना माहीत नसतो. 'पलकों के बाल' चालेल.

दुसरा अडखळा 'प्राथमिक चाचणी'चा. वाचणाऱ्याला ती प्रयोगशाळेतली वाटते. सोबतच्या कागदावर ती कृती म्हणूनच उतरवा: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी जागा साबणाने धुवा, तयार कलप थोडा लावून वाळू द्या, 24 तासांनी हलक्या हाताने धुवा. आग, लाली, सूज आली तर कलप लावू नका. ही चाचणी दर वेळी, कलप लावण्याआधी करायची आहे. हिंदीत 'हर बार'. हे दोन शब्द गळाले की लोक पहिल्यांदा चाचणी करतात आणि पुढे सोडून देतात. ॲलर्जी मात्र चौथ्या-पाचव्या वेळीही उद्भवू शकते.

१३. 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' म्हणजे 'फक्त बाह्य वापरासाठी'. एवढं पुरे का?

औषधी मलम, लोशन यांच्यावरचे इंग्रजी वाक्य तसेच ठेवा, ते नियमात आहे. मराठी त्याच्या जोडीला असते, म्हणून तिथे समजेल असेच लिहा: फक्त अंगावर लावण्यासाठी. पोटात घेऊ नका. हिंदीत केवल बाहरी प्रयोग के लिए। पीना या निगलना मना है। 'बाह्य' शब्द कळला तरी 'म्हणजे पोटात घ्यायचे नाही' हा अर्थ वाचणाऱ्याने स्वतः काढायचा असतो, आणि खोकल्याच्या औषधासारख्या दिसणाऱ्या बाटलीवर तो काढला जाईलच असे नाही.

१४. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं का?

नाही. 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ पेट घेणारे असाच आहे. 'इन' पाहून 'अज्वलनशील' लिहिले तर अर्थ उलटा होतो. दोन्हींसाठी मराठीत आणि हिंदीत 'ज्वलनशील', आणि मराठीत पुढे 'लगेच पेट घेते. गॅस, दिवा, उदबत्तीजवळ नेऊ नका' असे जोडा.

१५. भाषांतर बरोबर आहे हे तपासायचं कसं? उलट भाषांतर करून घेतलं तर?

उलट भाषांतराने मोठ्या चुका सापडतात, पण 'उलटी करू नका'सारखी चूक बऱ्याचदा तशीच निघून जाते, कारण उलट भाषांतर करणारा मूळ सूचना ओळखीची असल्याने ती सवयीनेच बरोबर लिहितो (प्रश्न ७). त्याऐवजी, किंवा त्यानंतर, ही तपासणी करा. छापायच्या आकारातले लेबल साध्या प्रिंटरवर काढा आणि रिकाम्या बाटलीवर चिकटवा. जे लोक ती वस्तू खरोखर वापरतात अशा पाच जणांना एकेकट्याने ती द्या. 'समजले का?' असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: ही बाटली घरात कुठे ठेवाल? नातवाने घोटभर प्यायले तर पहिल्यांदा काय कराल? डोळ्यात उडाले तर किती वेळ धुवाल?

उत्तरे शब्दशः लिहून घ्या. कुणी 'मोरीच्या कोपऱ्यात' म्हणाले, तर साठवणुकीची ओळ पुन्हा लिहा. कुणी 'मीठ-पाणी पाजून ओकायला लावीन' म्हणाले, तर उलटीची ओळ वर आणा आणि जाड करा. पाचांपैकी एकाचेही उत्तर धोकादायक आले तर मजकूर बदलून नव्या पाच जणांना दाखवा. जुन्यांनी एकदा बरोबर उत्तर ऐकलेले असते. त्यानंतर छापखान्याच्या पहिल्या प्रतीवर फक्त हे शब्द बोट ठेवून वाचा: नका, करवू, डोळ्यात, दुसऱ्या, कुलपात, आणि हिंदीत न, कराएँ, खतरा.